चुरगळलेल्या पिशवीवरची शिरोरेखा

मिठाईच्या दुकानातून आलेली खाकी कागदाची पिशवी दोन्ही हातांनी चुरगळा, हलकेच उलगडा आणि खिडकीजवळ उभी करा. आता तिच्यावर छापलेल्या नावाकडे नीट पाहा. जिथे सुरकुती पडली आहे तिथे शिरोरेखा सरळ राहिलेली नसते. सुरकुतीपाशी ती किंचित खाली उतरते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वर येते. एखाद्या अक्षराचा काना मध्येच तिरपा होतो. शिवाय सुरकुतीच्या एका अंगावर शाई उजळ दिसते, दुसऱ्या अंगावर गडद. आपला डोळा हे सगळं एका क्षणात वाचतो आणि मुकाट्याने मान्य करतो की हे नाव कागदावर छापलेलं आहे.

अशाच पिशवीच्या फोटोवर संगणकात दुसरं नाव टाइप करून ठेवलं, की डोळा तितक्याच झटकन नकार देतो. रंग जुळवला, आकार जुळवला, कोन जुळवला, तरी अक्षरं पिशवीसमोर धरलेल्या काचेवर लिहिल्यासारखी तरंगतात. कारण कागद वाकला आहे आणि अक्षरं वाकलेली नाहीत. अक्षरांना कागदाबरोबर वाकवण्याची जी रीत आहे तिचं नाव डिस्प्लेसमेंट मॅप. ती फोटोशॉपमध्ये फार जुनी आहे, पण बहुतेक जण ती एखादा आकडा अंदाजाने टाकून वापरतात आणि निकाल फसला की फिल्टरला दोष देतात. खरं तर अंदाज करायची गरजच नसते. योग्य आकडा त्या फोटोतच असतो आणि तो मोजता येतो.

माझ्याकडे आलेलं काम असं होतं. साताऱ्यात कंदी पेढ्यांचं दुकान चालवणाऱ्या एका मित्राला नवी पिशवी छापून घ्यायची होती आणि छापण्याआधी ती हातात कशी दिसेल हे पाहायचं होतं. वापराचा हक्क विकत घेतलेला एक फोटो माझ्याजवळ होता: चुरगळलेली खाकी पिशवी, उजेड वरच्या डाव्या बाजूने येणारा, रुंदी ४००० पिक्सेल. पिशवीवर लाल शाईत इंग्रजी नाव होतं. त्याच्या जागी ‘कंदी पेढे’ ही दोन पदं हवी होती.

पहिला मोह होतो तो जुनं नाव पुसून टाकण्याचा. तो आवरावा. त्या सुरकुत्यांनी छापील अक्षरं किती वाकवली, याचा एकमेव पुरावा म्हणजे जुनं नाव. फोटो पूर्ण मोठा करून मी त्या इंग्रजी अक्षरांच्या तळाला एक सरळ गाइड लावली आणि सगळ्यांत ठळक सुरकुतीपाशी पाहिलं. सुरकुतीच्या अलीकडे अक्षराचा तळ रेषेच्या थोडा खाली होता, पलीकडे थोडा वर. दोन्हींतलं अंतर १८ पिक्सेल भरलं. मग एका अक्षराची उभी दांडी मोजली. सुरकुती ओलांडताना ती सुमारे ७ पिक्सेल आडवी सरकली होती. हे दोन आकडे कागदावर टिपून ठेवले आणि मगच पुसायला घेतलं.

पुसण्यातही एक खाच आहे. नेहमीची सवय अशी, की हीलिंग ब्रश घ्यायचा आणि शेजारचा कोरा कागद अक्षरांवर पसरायचा. अक्षरं जातात, पण त्यांच्याखालच्या सुरकुत्याही जातात, आणि नव्या नावाला नेमक्या त्याच सुरकुत्यांवर चढायचं असतं. इथे लाल शाई मदतीला आली. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन करडे फोटो एकावर एक ठेवलेले असतात. खाकी कागद लाल चॅनेलमध्ये उजळ दिसतो आणि लाल शाईही त्यात जवळजवळ तेवढीच उजळ दिसते. म्हणजे फक्त लाल चॅनेल पाहिला तर नाव जवळपास नाहीसं होतं आणि सुरकुत्या मात्र जशाच्या तशा राहतात. मी तो चॅनेल वेगळ्या लेअरवर घेतला, कर्व्ह्जने त्याला खाकी रंग दिला आणि फक्त अक्षरांच्या जागेपुरता मूळ फोटोवर बसवला. कडांना उरलेली पुसट रेघ तेवढी हीलिंग ब्रशने काढावी लागली. शाई निळी असती तर हाच खेळ निळ्या चॅनेलवर जमला नसता, कारण खाकी कागद तिथे काळपट असतो. काळी शाई तर तिन्ही चॅनेलमध्ये काळीच. तशा वेळी हाताने एकेक सुरकुती जोडत पुसण्याला पर्याय नाही.

आता नकाशा. नावावरून काही भारदस्त वाटेल, पण डिस्प्लेसमेंट मॅप म्हणजे एक करडा फोटो, दुसरं काही नाही. फरक एवढाच, की तो पाहण्यासाठी नसतो. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूचना असते. करड्या रंगाची किंमत ० ते २५५ असते, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. मधली १२८ ही किंमत ‘इथे काही हलवू नका’ असं सांगते. त्याहून गडद ठिपका एका दिशेला सरकवतो, उजळ ठिपका उलट दिशेला, आणि १२८ पासून जितकं दूर तितकं जास्त. किती जास्त, ते आपण स्केल नावाच्या आकड्याने ठरवतो. हिशेब साधा आहे:

```
shift = (value - 128) * scale / 100
```

स्केल १०० ठेवला तर जास्तीत जास्त सरक १२८ पिक्सेल. फिल्टर उघडल्यावर दोन्ही रकान्यांत दिसणारा आकडा १० असतो, म्हणजे जास्तीत जास्त जेमतेम १३ पिक्सेल. पुष्कळ लोक तो तसाच ठेवतात आणि मोठ्या फोटोवर काहीच घडलं नाही म्हणून चक्रावतात.

ही सरक प्रत्यक्षात कशी घडते तेही इथेच समजून घ्यायला हवं, कारण पुढे होणारा एक घोटाळा त्यातूनच येतो. संगणक अक्षराचे ठिपके उचलून पुढे ढकलत नाही. नव्या चित्रातल्या प्रत्येक रिकाम्या ठिपक्यासाठी तो नकाशाला विचारतो की याचा रंग कुठून आणू. नकाशा सांगतो, नऊ पिक्सेल वरून आण. म्हणून चित्रात भोकं पडत नाहीत. पण दोन वेगवेगळ्या ठिपक्यांनी एकाच जागेचा रंग मागितला तर तो दोघांनाही मिळतो.

नकाशा बनवण्यासाठी मी तोच साफ केलेला लाल चॅनेल घेतला. जुनं नाव त्यात उरलं असतं तर गडद अक्षरं म्हणजे खड्डे असं समजून फिल्टरने नव्या नावात जुन्या नावाच्या आकाराच्या खाचा पाडल्या असत्या. हा दोष एकदा पाहिला की पुन्हा लगेच ओळखू येतो: सुरकुती नसलेल्या सपाट जागीही अक्षरांच्या कडा विनाकारण थरथरतात.

तरीही हा चॅनेल जसाच्या तसा चालत नाही. पिशवीची डावी बाजू उजेडात होती, उजवी सावलीत. तिथे एकही सुरकुती नसती तरी डावीकडे करड्याची किंमत १९० आणि उजवीकडे ९० भरत होती. फिल्टरला याचा अर्थ एवढाच कळतो की नाव डावीकडे एका दिशेला आणि उजवीकडे दुसऱ्या दिशेला सरकवायचं. सगळं नाव तिरकं होतं. आपल्याला मोठा उजेड-अंधार नको, फक्त सुरकुत्यांपुरता हवा. त्यासाठी `Filter > Other > High Pass` हा फिल्टर आहे. तो सावकाश बदलणारी छटा काढून टाकतो, बारीक चढउतार ठेवतो, आणि बाकी सगळी जागा १२८ वर आणतो. ‘काही हलवू नका’ हीच ती किंमत. मी त्रिज्या ८० पिक्सेल ठेवली, कारण माझ्या फोटोतल्या सुरकुत्या साधारण पन्नास-साठ पिक्सेल रुंद होत्या. त्रिज्या त्याहून जरा मोठी असावी. फार लहान ठेवली तर सुरकुतीऐवजी तिच्या फक्त कडा उरतात.

त्यानंतर ६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर. कागदाला तंतू असतात, फोटोला कणी असते, आणि फिल्टर त्यांनाही डोंगरदऱ्या समजतो. ब्लर न करता लावलेलं नाव जवळून पाहिलं तर त्याची कड करवतीसारखी दिसते. शेवटी हा करडा फोटो आठ बिटांची सपाट पीएसडी फाइल म्हणून सेव्ह करायचा. नकाशा म्हणून फोटोशॉपचा हा फिल्टर पीएसडीच मागतो.

आता त्या टिपून ठेवलेल्या आकड्यांचा उपयोग. नकाशात त्याच ठळक सुरकुतीवर जाऊन इन्फो पॅनेलमध्ये किमती पाहिल्या. सावलीच्या अंगाला ७०, उजेडाच्या अंगाला १९०. फरक १२०. जुन्या नावाचा तळ इथे १८ पिक्सेल उडाला होता. १२० गुणिले स्केल भागिले १०० बरोबर १८, म्हणजे उभा स्केल १५. आडवा फरक ७ पिक्सेल होता, म्हणजे आडवा स्केल साधारण ६. एवढंच. दिशा उलटी निघाली, म्हणजे जुना तळ जिथे खाली होता तिथे नवी रेघ वर गेली, तर आकड्यापुढे उणे चिन्ह लावायचं. रकाना ते घेतो.

हे आकडे पिक्सेलमध्ये आहेत हे विसरू नये. हाच फोटो १००० पिक्सेल रुंदीला लहान करून त्यावर स्केल १५ लावला, तर अकरा पिक्सेल जाडीच्या रेघेत अठरा पिक्सेलची उडी पडेल आणि अक्षर फाटेल. छोट्या नमुन्यावर ठरवलेला आकडा मोठ्या फोटोला चालत नाही, आणि उलटंही.

इथे देवनागरीचा एक वेगळा प्रश्न येतो. या फिल्टरवरची बहुतेक प्रात्यक्षिकं रोमन अक्षरांवर केलेली असतात, त्यामुळे त्यांत हा प्रश्न कधी दिसतच नाही. रोमन शब्दात अक्षराअक्षरांत फट असते. सुरकुती फटीतून गेली तर काही चूक असली तरी दिसत नाही. आपली शिरोरेखा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाते. तिच्या वाटेत येणारी प्रत्येक सुरकुती तिला ओलांडावीच लागते. माझ्या नावात एकेका पदाची शिरोरेखा आठशे-नऊशे पिक्सेल लांब होती आणि तिच्यावर लहानमोठ्या अकरा सुरकुत्या येत होत्या. यातली एक जरी चुकली तरी नजर तिथे अडते.

शिवाय आडवी रेघ आडवी सरकवली तर काहीच दिसत नाही, ती स्वतःवरूनच घसरते. शिरोरेखेला वाकवतो तो फक्त उभा स्केल. आडव्या स्केलचा परिणाम काने आणि दांड्यांवर दिसतो. म्हणून दोन्ही रकान्यांत एकच आकडा टाकण्याची रीत देवनागरीला सोयीची नाही. उभा आकडा आधी शिरोरेखेकडे पाहून पक्का करावा, मग ‘द’च्या पुढचा वेलांटीचा काना आणि ‘प’ची दांडी पाहून आडवा. आणि रेघ जाड हवी. मी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट जाड वजनात घेतला होता, शिरोरेखा सुमारे ४५ पिक्सेल. त्यावर १८ पिक्सेलची उडी कागदाच्या मोडीसारखी दिसते. बारीक वजनात शिरोरेखा वीस पिक्सेलची झाली असती आणि तीच उडी रेघ तुटल्यासारखी दिसली असती. फोटोशॉपच्या टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्या जुळवणारं इंजिन चालू आहे ना, तेही एकदा पाहावं, नाहीतर पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं आधीच मोडलेली असतात.

नाव टाइप करून मी आधी ते पिशवीच्या दर्शनी बाजूच्या कोनात बसवलं. क्रम महत्त्वाचा आहे. पिशवीचा एकूण कोन हे ट्रान्सफॉर्मचं काम, सुरकुत्या हे नकाशाचं. आधी कोन, मग सुरकुत्या. उलट केलं तर सुरकुत्याही कोनाबरोबर ताणल्या जातात आणि जागेवर राहत नाहीत.

मग नावाच्या खाली पूर्ण फोटोएवढी पांढरी लेअर भरली आणि दोन्ही मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट केला. पांढरी कशाला, असं वाटेल. फिल्टर नकाशाला ज्या चौकटीत बसवतो ती चौकट फोटोएवढीच असायला हवी. चौकट फक्त अक्षरांपुरती असली तर सगळा नकाशा त्या छोट्या जागेत कोंबला जाऊ शकतो, आणि मग शिरोरेखा वाकते खरी, पण सुरकुती नसलेल्या ठिकाणी. पांढरा रंग भरल्याने चौकट आपोआप पूर्ण फोटोची होते. नंतर लेअरला मल्टिप्लाय लावला की पांढरा नाहीसा होतो, त्यामुळे तो काढायची गरजही राहत नाही. मग `Filter > Distort > Displace`, आडवा ६, उभा १५, `Stretch To Fit`, `Repeat Edge Pixels`, आणि नकाशाची फाइल. नकाशा जागेवर बसला की नाही हे तपासायचं असेल तर नावाऐवजी क्षणभर चौकटीच्या वहीसारख्या रेघा ठेवून फिल्टर लावावा. रेघांची वळणं सुरकुत्यांवर येतात की बाजूला, ते तत्काळ कळतं. एक मात्र लक्षात ठेवायचं: फिल्टर लावल्यावर नाव चार बोटं डावीकडे घेऊ म्हणून सरकवायचं नाही. जुन्या जागेची वळणं तशीच बरोबर जातात. नाव हलवायचं असेल तर स्मार्ट ऑब्जेक्ट उघडून आत हलवायचं, म्हणजे फिल्टर नव्या जागेचा हिशेब पुन्हा करतो.

पहिल्या खेपेला नाव बऱ्यापैकी बसलं, पण ‘पेढे’च्या शिरोरेखेवर एका जागी वरच्या कडेला केसासारखी दुसरी कड दिसत होती, जणू छापताना कागद हलला. तिथून एक जवळजवळ आडवी सुरकुती जात होती. नकाशात तिची एक बाजू उजळ, दुसरी गडद, आणि दोन्हींमधलं अंतर जेमतेम १२ पिक्सेल. म्हणजे १२ पिक्सेल खाली जाईपर्यंत सरक १८ पिक्सेलने उलटी फिरत होती. मघाशी सांगितलेली गोष्ट इथे घडली: ठिपके खाली खाली जात होते, पण रंग मागत होते ते वर वर जाऊन, म्हणून रेघेच्या कडेची तीच सहा पिक्सेलची पट्टी पुन्हा पुन्हा वाचली गेली. सुरकुती जर सरकेच्या दिशेला आडवी येत असेल तर उडी जितक्या पिक्सेलची, त्याहून जास्त जागेत ती पसरली पाहिजे. अशा वेळी स्केल कमी करणं हा चुकीचा उपाय आहे, कारण त्याने बाकीच्या दहा सुरकुत्या मुक्या होतात. मी नकाशाची फाइल उघडून फक्त त्या जागी ब्लरचा ब्रश फिरवला, उतार तीस पिक्सेलमध्ये पसरवला आणि फिल्टर पुन्हा लावला. दुहेरी कड गेली.

यात एक मूळचं खोटं आहे, आणि ते माहीत असलेलं बरं. फोटोतला उजळपणा म्हणजे कागदाची उंची नव्हे. सुरकुतीचा उंचवटा घ्या. उजेडाकडे तोंड असलेला त्याचा उतार उजळ दिसतो, पाठ फिरवलेला उतार गडद. दोन्ही उतार उंचीला सारखेच आहेत, पण नकाशा एकाला टेकडी म्हणतो आणि दुसऱ्याला दरी. तरी आपलं काम होतं, कारण कडा नेमक्या कुठे मोडतात हे उजेडच दाखवतो आणि डोळ्याला तेवढं जुळलं की पुरतं. पण ज्या सुरकुत्या उजेडाच्याच दिशेने धावतात त्यांच्या दोन्ही अंगांवर सारखाच प्रकाश पडतो आणि नकाशाला त्या दिसतच नाहीत. माझ्या फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी अशी एक सुरकुती होती. डोळ्याला ती स्पष्ट दिसत होती, कारण तिच्यापाशी कागदाचे तंतू वेगळे पडले होते, पण शिरोरेखा तिच्यावरून निर्विकारपणे सरळ गेली. तिथे नकाशावर हाताने एका अंगाला थोडं उजळ आणि दुसऱ्या अंगाला थोडं गडद रंगवावं लागलं. याच्या उलट, पिशवीवर तेलाचा एक डाग होता. कागद तिथे सपाट होता, पण नकाशाच्या लेखी तो खड्डा होता. त्यावर १२८चा करडा फिरवून तो बुजवला. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने समोरून सपाट उजेडात काढलेला फोटो असेल तर या रीतीच्या नादी लागूच नये. त्यात सुरकुत्यांची सावलीच नसते.

जागा वाकवणं हे अर्धं काम. दुसरं अर्धं उजेडाचं, आणि ही दोन कामं वेगळी आहेत ही गोष्ट संगणक-चित्रकलेत फार लवकर कळून चुकली. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये सुरकुतलेल्या पृष्ठभागांवर एक निबंध मांडला. त्यात पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो, फक्त त्यावर पडणाऱ्या उजेडाचा हिशेब असा बदलायचा की तो सुरकुतल्यासारखा दिसावा. पाहणारा फसतो, पण वस्तूच्या कडेकडे पाहिलं तर ती साफ गोल असते, कारण प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं. रॉबर्ट कुक यांनी १९८४ मध्ये ‘शेड ट्रीज’ या निबंधात पुढचं पाऊल टाकलं आणि पृष्ठभागाचे बिंदूच जागचे हलवले. डिस्प्लेसमेंट मॅप हा शब्द आपण वापरतो त्यामागची कल्पना हीच. पिशवीवरच्या नावाला हे दोन्ही निबंध एकदम लागू पडतात. नुसता मल्टिप्लाय लावला तर नावावर सावल्या येतात, पण शिरोरेखा सरळच राहते. नुसता नकाशा लावला तर शिरोरेखा वाकते, पण शाई सगळीकडे एकसारखी काळी राहते आणि वाकडेपणा उगाच वाटतो.

मल्टिप्लाय खालच्या कागदाच्या सावल्या नावातून दाखवतो. पण शुद्ध काळ्या रंगात तो काहीच दाखवू शकत नाही, कारण काळ्याला आणखी काळं करता येत नाही. म्हणून शाईचा रंग काळा घ्यायचाच नाही. मी जुन्या नावाचा सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ लाल आधीच टिपून ठेवला होता. नव्या शाईला त्यांच्यामधली एक करडी-तपकिरी छटा दिली, म्हणजे सावलीत तिला गडद व्हायला जागा राहते. सुरकुतीच्या माथ्यावर शाई तडकते आणि तिथून खाकी तंतू डोकावतात. त्यासाठी लेअर स्टाइलमध्ये `Blend If`च्या खालच्या पट्टीचा पांढरा त्रिकोण ऑल्ट दाबून दुभागला आणि त्याचा अर्धा भाग थोडा आत घेतला. खालचा कागद जिथे अतिशय उजळ आहे तिथे नाव विरळ होतं. हे जास्त झालं की नाव जुनाट दिसतं, नव्या पेढ्याच्या पिशवीला ते शोभत नाही, म्हणून अगदी थोडं. शेवटी अर्ध्या पिक्सेलचा ब्लर आणि फोटोत आहे तेवढीच कणी. संगणकाची कड कॅमेऱ्याच्या कडेपेक्षा नेहमीच तीक्ष्ण असते, आणि तेवढ्यावरूनही नाव नंतर चिकटवलेलं कळतं.

एक जागा उरली होती. पिशवीच्या उजव्या बाजूला कागद नुसता वाकला नव्हता, तर स्वतःवरच दुमडला होता. जुन्या नावाचं शेवटचं अक्षर तिथे अर्धवट गिळलेलं दिसत होतं, सुमारे तीस पिक्सेलची पट्टी घडीच्या आत गेली होती. नकाशा ठिपके सरकवू शकतो, लपवू शकत नाही. स्केल कितीही वाढवला तरी ‘ढे’ त्या घडीवरून रबरासारखा ताणला जायचा. शेवटी स्मार्ट ऑब्जेक्ट उघडला, आत नाव घडीच्या रेषेवर कापलं, उजव्या तुकड्याची तीस पिक्सेलची पट्टी झाकली आणि तो तुकडा तेवढाच डावीकडे घेतला. सेव्ह केल्यावर नकाशाने दोन्ही तुकडे आपापल्या सुरकुत्यांवर बसवले. ‘ढ’ची गाठ अर्धी नाहीशी झाली, वरची मात्रा घडीच्या कडेवर मोडली.

मित्राला चित्र पाठवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न तोच होता: शेवटचा ‘ढ’ असा अर्धा का? मग काउंटरवरची एक जुनी पिशवी त्याने चुरगळली असावी, कारण पाच मिनिटांनी तिचाच फोटो आला. घडीत शिरलेली मात्रा, मोडलेली शिरोरेखा, आणि खाली एवढंच लिहिलेलं: राहू दे.